हात सैल सोडून बघा

लग्न ठरलेल्या पुष्कळ जोडप्यांचा एकमेकांना झालेला पहिला स्पर्श हल्ली फोटोग्राफरच्या सांगण्यावरून होतो. साखरपुड्याला दोन-तीन आठवडे झालेले असतात. प्री-वेडिंग शूटसाठी भल्या पहाटे एखाद्या धरणाच्या काठी जायचं असतं, आणि उजाडताच कॅमेऱ्यामागून सूचना सुरू होतात. "मॅडम, अजून जवळ या. सर, हात कमरेवर. आता कपाळाला कपाळ लावा." बाजूला मेकअपवाली ताई, मावसभाऊ, कपड्यांच्या बॅगा सांभाळणारी बहीण असे सगळे उभे. तोवर या दोघांनी एकमेकांचा हातसुद्धा नीट हातात घेतलेला नसतो. अशा वेळी दोघांपैकी कुणाला अवघडल्यासारखं झालं तरी ते बोलायचं कुणापाशी? म्हणून हसायचं, श्वास रोखायचा आणि पुढच्या पोझची वाट बघायची.

सूचना देणारं कुणी नसताना दोघांनी एकमेकांच्या जवळ कसं यायचं, हा खरा प्रश्न आहे. चित्रपट बघायला, समुद्रावर फिरायला, कॉफी प्यायला दोघंच भेटतात. हात धरावासा वाटतो, निरोप घेताना मिठी मारावीशी वाटते. समोरच्या माणसाला ते हवं आहे का, हे तेव्हा कसं ओळखायचं? ठरवून केलेल्या लग्नात हे जास्त अवघड असतं. प्रेमात पडलेल्या दोघांनी एकमेकांना आधी बरंच निरखलेलं असतं. स्थळ बघून ठरलेल्या दोघांना मात्र घरच्यांनी 'आता काय, ठरलंच आहे' अशी मोकळीक दिलेली असते आणि एकमेकांच्या सवयी अजून ठाऊक नसतात. म्हणून इथे बोलायचं ते अशाच दोन सज्ञान माणसांबद्दल आणि दोनच स्पर्शांबद्दल: हातात हात आणि मिठी.

सुरुवात हातापासून होते ती उगाच नाही. फिनलंड, फ्रान्स, इटली, रशिया आणि ब्रिटन या पाच देशांतल्या १,३६८ लोकांना संशोधकांनी माणसाच्या शरीराचं रेखाचित्र देऊन विचारलं होतं, की जोडीदाराने, आईने, मित्राने, परक्या माणसाने कुठे कुठे हात लावलेला तुम्हाला चालेल? ते भाग रंगवा. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. नातं जितकं जिव्हाळ्याचं तितकी रंगवलेली जागा मोठी, असं त्यात दिसलं, आणि परक्या माणसाच्या वाट्याला जेमतेम हात आले. म्हणजे हात ही शरीराची सगळ्यांत बाहेरची ओसरी. तिथवर अनोळखी माणूसही येऊ शकतो. त्यामुळे हातात हात दिला म्हणून आतलं दार उघडलं, असा अर्थ निघत नाही.

तोच हात किती वेगवेगळ्या तऱ्हेने लागू शकतो, हे जेम्स कोन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातून कळतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सोळा विवाहित स्त्रियांना मेंदूच्या एमआरआय यंत्रात झोपवून, विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता असल्याचं सांगितलं होतं. कधी त्यांनी नवऱ्याचा हात धरला होता, कधी अनोळखी पुरुषाचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ सगळ्यांत जास्त शमली. अनोळखी हाताचा उपयोग झाला, पण कमी. त्यातही ज्यांचं नवऱ्याशी जास्त पटत होतं, त्यांना नवऱ्याच्या हाताने जास्त धीर दिला. हाताची ऊब तीच, पकड तीच, तरी परिणाम नात्याप्रमाणे बदलला. ज्याचं स्थळ महिन्यापूर्वी आलं, त्याचा हात शरीराला अजून जवळपास अनोळखीच वाटत असेल, तर त्यात कुणाचा दोष नाही. साखरपुड्याची बातमी शरीरापर्यंत पोचायला वेळ लागतो.

आता नेमका गोंधळ कुठे होतो ते पाहू. मुलीने हात मागे घेतला, मान खाली घातली, गप्प झाली, की मुलाच्या मनात पहिला खुलासा येतो तो 'लाजली' हा. मित्र तेच सांगतात, चित्रपट तेच सांगतात, कधी कधी तिच्या घरची मोठी माणसंही कौतुकाने तेच सांगतात. ती खरंच लाजलेली असू शकते. पण नकोसं वाटणाऱ्या माणसाचं शरीरही पहिल्या क्षणी नेमकं असंच वागतं, आणि अडचण तिथेच आहे.

हात गार पडणं, तळव्याला घाम येणं, छातीत धडधडणं, गाल लाल होणं, नजर न मिळवणं, विनाकारण हसू येणं ही सगळी शरीर उत्तेजित झाल्याची लक्षणं आहेत. आवडीनेही शरीर उत्तेजित होतं आणि भीतीनेही. म्हणून यातल्या एकाही लक्षणावरून हो की नाही हे ठरवता येत नाही. 'तिचा हात थरथरत होता, म्हणजे तिच्याही मनात होतं' हा निष्कर्ष जितका बिनबुडाचा, तितकाच 'त्याच्या हाताला घाम होता, म्हणजे त्याला आवडलं नाही' हाही. नजरेवर फार विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. काही माणसांना, विशेषतः स्वमग्नतेच्या छटा असलेल्यांना, आवडत्या माणसाच्या डोळ्यांत बघणंही जड जातं.

त्यात आपली बघण्याची तऱ्हा आपल्याला हव्या असलेल्या उत्तराकडे झुकलेली असते. अँटोनिया ॲबी या अमेरिकी संशोधिकेने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक तरुण आणि एक तरुणी पाच मिनिटं गप्पा मारत आणि लपून दुसरा एक तरुण व दुसरी एक तरुणी त्यांना बघत. नंतर सगळ्यांना विचारलं, की ती मुलगी कशी वागत होती? स्त्रियांना जो साधा मनमोकळेपणा वाटला, त्यात पुरुषांना आकर्षण दिसलं. गप्पा मारणाऱ्या पुरुषालाच नाही, लांबून बघणाऱ्या पुरुषालाही. म्हणून 'मला वाचता येतं' हा आत्मविश्वास पुरुषांनी जरा कमीच बाळगावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग लाज आणि नकार यांत फरक करायचा कसा? पहिल्या क्षणी तो दिसत नाही. दुसऱ्या माणसाला मागे सरायला जागा मिळाली, की त्यानंतरच्या क्षणी दिसतो. लाजलेलं माणूस ती जागा वापरून दूर जात नाही. गेलंच तरी थोड्या वेळाने आपणहून परततं. ज्याला नको आहे, त्याला जागा मिळताच त्याचं शरीर ती वापरतं आणि परतत नाही. तेव्हा चेहरा न्याहाळत बसण्यापेक्षा पकड सैल करावी आणि काय होतं ते बघावं. घट्ट धरलेल्या हातातून काहीच कळत नाही. तिथे समोरचा हात राहिला आहे की अडकला आहे, हे तुम्हाला आणि कधी कधी त्यालाही समजत नाही.

हे प्रत्यक्षात कसं होतं ते एका प्रसंगातून पाहू. प्रसंग रचलेला आहे, पण त्यातलं काहीच जगावेगळं नाही. तो एकोणतीस वर्षांचा, ती सत्तावीसची. लग्न ठरलेलं, दोघांची ही चौथी भेट. शनिवारी संध्याकाळी चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून दोघं मरीन ड्राइव्हकडे चालत निघाले आहेत. समुद्राच्या बाजूला जाण्यासाठी मोठा रस्ता ओलांडताना सिग्नल बदलतो आणि तो तिचा हात धरतो. तीही धरते. रस्त्याच्या मध्यावर पकड घट्ट होते, कारण डावीकडून टॅक्सी अंगावर येते आहे. इथवरच्या हातात रस्ता ओलांडणं आहे, बाकी काही नाही. आई मुलाचा, नातू आजीचा हात धरतो तसाच.

खरी गोष्ट पलीकडच्या फुटपाथवर सुरू होते. पोचताच तिची बोटं सरळ होतात. ती हात काढून घेते आणि त्याच हाताने पर्सचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेते. आता पर्स दोघांच्या मध्ये आहे. पट्टा खरंच घसरत असेल का? असूही शकेल. एका खुणेवरून काही ठरवू नये आणि ती विसरूही नये. त्याने इथे एकच गोष्ट केली, ती म्हणजे काहीच केलं नाही. हात पुन्हा पुढे केला नाही, 'काय झालं?' असं विचारलं नाही, चेहरा पाडला नाही.

दोघं कठड्यावर बसतात. पर्स मध्येच आहे. पण ती त्याच्याकडे वळून बसली आहे, ऑफिसातल्या एका प्रसंगाची गंमत रंगवून सांगते आहे, त्याला मध्येच प्रश्न विचारते आहे. एक खूण दूर जाण्याची आणि दुसऱ्या जवळ येण्याच्या, असा हा घोळ आहे. त्याचा अर्थ इतकाच, की तिला त्याचा सहवास आवडतो आहे आणि स्पर्शाबद्दल अजून माहीत नाही. इथे पुष्कळ जण चुकतात. गप्पा रंगल्या म्हणजे स्पर्शही चालेल असं धरून चालतात. बोलण्याला दिलेला प्रतिसाद स्पर्शाच्या खात्यावर जमा करायचा नसतो.

बोलणं जरा थांबल्यावर तो विचारतो, "मघाशी हात धरला, ते चाललं ना तुला?" ती म्हणते, "हो... म्हणजे रस्त्यात ठीक होतं. इथे सगळे बघतात रे." तो म्हणतो, "बरं," आणि मघाची गोष्ट पुढे सांगायला लागतो. या 'बरं'मध्ये पुष्कळ काही आहे. तिच्या वाक्यातलं 'हो' उचलून 'इथे' सोडून देण्याचा मोह त्याला झाला नाही. 'कोण ओळखतंय आपल्याला इथे?' असा युक्तिवादही त्याने केला नाही. लोक बघतात हे खरं कारण असेल किंवा सभ्य सबब असेल. त्या संध्याकाळी त्याला काय करायचं आहे ते दोन्ही बाबतींत सारखंच: हात आपल्यापाशी ठेवायचा. कारण कुठलं होतं ते पुढे आपोआप कळणार आहे.

तासाभराने निघताना ती कठड्यावरून उतरते आणि तोल सावरायला त्याच्या दंडाला धरते. तो दंड स्थिर ठेवतो. तिने आधारासाठी धरलंय, म्हणून तेवढाच आधार देतो, त्याचं हातात हात घेणं करत नाही. पुन्हा सिग्नल येतो. या वेळी तो तळवा वर करून हात थोडा पुढे करतो आणि थांबतो. तीच हात ठेवते. रस्ता ओलांडून झाल्यावर तो आपली बोटं सैल करतो, हात काढत नाही, फक्त पकड सोडतो. तिचा हात तिथेच राहतो. चार पावलांनंतर तिची बोटं त्याच्या बोटांत गुंफली जातात. आता त्याला उत्तर मिळालं. फुटपाथवर तिचा हात पुन्हा निसटला असता, तर तेही उत्तरच झालं असतं आणि त्यानेही संध्याकाळ काही बिघडली नसती.

तिच्या त्या अर्धवट 'हो...'बद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. स्पष्ट 'नाही' आलं तरच तो नकार, असं बरेच जण मानतात. पण रोजच्या बोलण्यात माणसं नकार असा देतच नाहीत. ब्रिटनमधल्या सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांनी १९९९ साली एका निबंधात हे फार नेमकेपणाने दाखवलं. साधं चहाचं आमंत्रण नाकारतानाही माणूस आधी क्षणभर थांबतो, मग 'अं' करतो, मग काहीतरी गोड बोलतो, मग कारण देतो, आणि बहुतेक वेळा 'नाही' हा शब्द उच्चारतच नाही. तरीही ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. म्हणूनच स्पर्शाच्या बाबतीतच तेवढं 'मला कळलं नाही, तिने स्पष्ट सांगायला हवं होतं' हे म्हणणं टिकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

आपल्याकडच्या संभाषणात हे किती ठिकाणी दिसतं बघा. 'बघू', 'आत्ता नको', 'उशीर झालाय ना', 'आई वाट बघत असेल', 'तुझं आपलं काहीतरीच', 'असू दे ना'. मित्राला उसने पैसे मागितल्यावर तो 'बघू' म्हणाला, तर आपण त्या पैशांवर विसंबत नाही. मग निरोपाच्या वेळी जवळ सरकल्यावर ती 'उशीर झालाय ना' म्हणाली, तर ते घड्याळाबद्दलचं विधान समजून आणखी पाच मिनिटं मागायचं काय कारण?

मात्र आपल्यावर आग्रहाचा एक संस्कार आहे आणि तो इथे नडतो. पंगतीत पाहुणा 'नको नको' म्हणतो, यजमान जिलबी वाढतोच, आणि पाहुण्यालाही ते अपेक्षित असतं. पहिलं 'नको' हे सभ्यतेचं आणि तिसरं खरं, हे आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. जेवणात हे चालून जातं, कारण नको असलेली जिलबी पानात राहू शकते. अंगावर आलेली मिठी बाजूला ठेवता येत नाही. तेव्हा शरीराच्या बाबतीत पहिलं 'नको' हेच अखेरचं मानायचं. ते पाहुण्यासारखं सभ्यतेपोटी आलेलं असेल, तर ते म्हणणारं माणूस पुढच्या भेटीत स्वतः पुढाकार घेईल. थोडं थांबावं लागेल, एवढंच.

मिठीचा प्रकार हातापेक्षा वेगळा आहे, कारण तिच्यात सैल सोडून बघायला फार कमी वेळ मिळतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंनी प्रशिक्षकांना, सहकाऱ्यांना आणि प्रतिस्पर्ध्यांना मारलेल्या १८८ मिठ्यांचं चित्रण एमेसे नागी या संशोधिकेने तपासलं. सरासरी मिठी भरली ती साधारण तीन सेकंदांची, देश कुठलाही असो. तीन सेकंदांत समोरच्याचं मन वाचायचं म्हणजे कठीणच. म्हणून मिठीतलं बरंचसं काम मिठीच्या आधी उरकावं लागतं.

ते असं करता येतं. दोघांमध्ये साधारण हातभर अंतर असतानाच बाहू थोडे उघडावेत आणि तिथेच थांबावं. उरलेलं अंतर दुसऱ्याने चालायचं. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसाभोवतालच्या अंतरांची मांडणी केली. त्यात पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतलं अंतर त्याने सर्वांत निकटच्या नात्यांचं मानलं. ही मापं त्याने अमेरिकी माणसांवरून घेतली होती आणि मुंबईच्या लोकलमध्ये ती हास्यास्पद ठरतील, पण गर्दीने लादलेली जवळीक आणि निवडलेली जवळीक यांतला फरक लोकलमधल्या माणसालाही पक्का ठाऊक असतो. त्या हातभर अंतरावर थांबलात, की समोरच्याला तीन-चार वाटा मोकळ्या राहतात. पुढे येऊन मिठी मारता येते. बाजूने खांद्याला खांदा लावून अर्धी मिठी मारता येते. हात पुढे करून हस्तांदोलन करता येतं. नुसतं हसून 'चल, पोचल्यावर मेसेज करते' म्हणता येतं. यातलं जे येईल ते जसंच्या तसं घ्यायचं. पुढे आलेला हात धरून खेचून त्याची मिठी करायची नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते फार सर्रास होतं आणि ते करणाऱ्याला त्यात आपुलकीच दिसते.

मिठीच्या आत ज्या खुणा कळतात त्या डोळ्यांना नाही, हातांना आणि छातीला कळतात. समोरच्याचे हात तुमच्या पाठीवर टेकले आहेत, की शरीराशेजारी लोंबकळत आहेत? कोपर किंवा मुठी तुमच्या छातीच्या आणि त्याच्या मध्ये आल्या आहेत का? खांदे वर, कानांकडे गेले आहेत की खाली उतरले? श्वास चालू आहे की रोखलेला? सुरुवातीला ताठ असलेलं अंग सेकंदाभरात सैल झालं तर ते नवखेपण होतं. ताठ ते ताठच राहिलं तर सोडा. आणि पाठीवर दोन हलक्या थापट्या बसल्या, तर मिठी संपली असं समजा. तो इशारा जगभर बहुतेकांना कळतो, आणि त्यानंतरही धरून ठेवणं म्हणजे ऐकून न ऐकल्यासारखं करणं.

सगळ्यांत फसवी खूण म्हणजे काहीच न होणं. अनपेक्षित किंवा नकोशा स्पर्शाच्या वेळी काही माणसं दूर होत नाहीत, ढकलत नाहीत, नुसती थिजतात. शरीराची ही जुनी संरक्षक प्रतिक्रिया आहे. ती ठरवून येत नाही आणि आपल्या इच्छेने मोडताही येत नाही. लैंगिक हिंसेचा अनुभव आलेल्यांमध्ये ती फार मोठ्या प्रमाणावर आढळते, पण तिच्या सौम्य छटा त्याहून साध्या प्रसंगांतही दिसतात. थिजलेलं माणूस बाहेरून शांत, आज्ञाधारक, कधी कधी तर समाधानी दिसतं. म्हणून 'तिने अडवलं नाही' हे विधान कशाचाच पुरावा नसतं. हवी असलेली मिठी दोन्ही बाजूंनी असते. तिच्यात समोरच्याच्या हाताचं काहीतरी काम चाललेलं असतं. एकटेच तुम्ही मिठी मारत आहात असं जाणवलं, तर तुमचं जाणवणं बरोबर आहे. सैल सोडा आणि एक पाऊल मागे या.

एवढं बारकाईने बघण्यापेक्षा सरळ विचारावं की नाही? जरूर विचारावं. विचारल्याने मजा जाते, ही तक्रार जुनी आहे. अमेरिकेतल्या अँटिऑक कॉलेजमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने नियम झाला, की जवळिकीच्या प्रत्येक नव्या पायरीला तोंडी संमती घ्यायची. तेव्हा त्याची देशभर टिंगल झाली, दूरचित्रवाणीवर विनोद झाले. आज तो विचार तितका हास्यास्पद वाटत नाही. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. 'मी तुला मिठी मारू का?' हे वाक्य तोंडातून काढताना नाटकात बोलल्यासारखं वाटतं. तर ते बोलू नये. 'हात धरू?' एवढंच पुरतं. 'एक हग?' असं बाहू उघडून विचारणं आता पुणे-मुंबईतच नाही, लातूर-जळगावच्या कॉलेजांतही रुळलेलं आहे. आधी झालेल्या स्पर्शाबद्दल नंतर विचारणं तर त्याहून सोपं, जसं वरच्या प्रसंगात त्याने विचारलं.

मात्र प्रश्न असा हवा, की त्याला 'नको' म्हणणं 'हो' म्हणण्याइतकंच सोपं असेल. 'तुला माझ्याबद्दल काही वाटतच नाही का?' हा प्रश्न नाही, हा दट्ट्या आहे. आणि विचारण्यापेक्षाही महत्त्वाचं असतं ते पहिल्या 'नको'नंतरचं वागणं. तुम्ही गप्प झालात, मेसेजना एका शब्दात उत्तरं देऊ लागलात, दोन दिवस फोन केला नाही, तर समोरच्याला धडा मिळतो की इथे 'नको' महाग पडतं. त्यानंतर मिळणारे सगळे 'हो' संशयास्पद होतात आणि तुम्हालाही कधी खात्रीने कळत नाही, की ते मनापासून आहेत की तुमचा रुसवा टाळण्यासाठी. याउलट 'बरं' म्हणून गप्पा तशाच चालू राहिल्या, तर पुढच्या 'हो'ला वजन येतं. खुणा वाचण्याची कितीही हातोटी असली, तरी ज्या माणसाला नकार देता येत नाही त्याच्या खुणा वाचून उपयोग नाही.

आत्तापर्यंत बहुतेक ठिकाणी 'तो' पुढाकार घेणारा आणि 'ती' प्रतिसाद देणारी असं आलं, कारण आपल्याकडे सहसा तसं घडतं. पण उलटही घडतं, आणि पुरुषाच्या अवघडलेपणाला तर शब्दच नाहीत. मुलीने सगळ्यांसमोर हातात हात घातला आणि मुलगा आखडला, तर 'काय रे, लाजतोस काय मुलीसारखा' असं म्हणून सगळे हसतात. त्याला स्पर्शाची सवय नसेल, आधीचा एखादा वाईट अनुभव असेल, किंवा अजून मन तयार नसेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. पुरुषाला स्पर्श नेहमीच हवा असतो, ही समजूत दोघांनाही गोत्यात आणते. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या नात्यात आणखी एक गाठ असते. चारचौघांत हात झटकला गेला, तर तो जोडीदाराला दिलेला नकार क्वचितच असतो, बहुतेकदा ती बघणाऱ्यांची भीती असते. तिथे हात सैल सोडून बघण्याचा प्रयोग घराच्या चार भिंतींत करावा, रस्त्यावर नाही.

आता घरच्यांविषयी. लग्न ठरल्यावर मुलीने आईला सांगितलं, की तो फार जवळ येतो, मला अवघड होतं, तर 'अगं, आता तोच तुझा नवरा होणार' हे उत्तर पुष्कळ घरांतून येतं. आई ते प्रेमाने म्हणते. पण त्या वाक्याने मुलीचा शेवटचा दरवाजा बंद होतो. तिने याऐवजी 'नेमकं काय होतं गं?' एवढं विचारावं. कारण काय ऐकायचं आहे ते त्यातून बाहेर येतं. मुलगा नवखा आणि उतावळा आहे, की सांगूनही न थांबणारा आहे? पहिल्याशी बोलून मार्ग निघतो. 'मला थोडा वेळ लागेल, मी स्वतः सांगेन' या एका वाक्याने बहुतेक मुलं भानावर येतात आणि पुष्कळांना सुटल्यासारखंही वाटतं, कारण पुढाकार घ्यायचं ओझं त्यांनाही झालेलं असतं. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र लग्नानंतर सुधारेल ही आशा बाळगू नये. जो माणूस हाताच्या बाबतीत 'नको' ऐकत नाही, तो पुढच्या कशाच्याही बाबतीत ऐकेल असं मानायला आधार नसतो.

कायद्याने याबाबत काय म्हटलं आहे तेही माहीत असावं. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत संमतीची व्याख्या आली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती तशीच आहे. संमती म्हणजे शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य खुणांनी दिलेली निःसंदिग्ध, स्वेच्छेची तयारी, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येत नाही. ही व्याख्या बलात्काराच्या गुन्ह्यासाठी लिहिलेली आहे, पण तिच्यातला विचार हातात हात घेण्यालाही लागू पडतो. स्त्रीचा विनयभंग करण्याच्या हेतूने केलेली बळजबरी कलम ७४ खाली येते आणि ती करणारा नियोजित वर आहे, या कारणाने तिला सूट नाही. साखरपुडा म्हणजे कायद्याने लग्न नव्हे. तो मोडता येतो, आणि तो झाला आहे म्हणून लग्न करायला कोणतंही न्यायालय कुणाला भाग पाडू शकत नाही. घरात ऐकून घेणारं कुणी नसेल, तर महिलांसाठीचा १८१ हा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.